पाठलागाचा बाण

सायकलची चेन उजव्या बाजूला असते. लहानपणी ती चढवताना हात काळे करून घेतले, तरी ही गोष्ट मला खरी कळली ती एडिटिंगच्या खोलीत. एका छोट्या फिल्मसाठी मी पाठलागाचा स्टोरीबोर्ड काढला होता. मुलगी सायकलवर, मागे जीप. मुलगी पडद्यावर डावीकडून उजवीकडे पळत होती, म्हणजे आपल्याला तिची उजवी बाजू दिसत होती, चेनची बाजू. मध्येच एक क्लोजअप होता: पॅडल जोरात दाबणारा पाय. त्या चौकटीत मी पाय काढला, पॅडल काढलं, चेन काढायची राहिली आणि बाणही राहिला. हा शॉट मुख्य चित्रीकरणानंतर आठ दिवसांनी दुसऱ्या छोट्या टीमनं घेतला. त्यांच्या हातात माझी चौकट होती. तिच्यात चेन नव्हती, म्हणून त्यांनी कॅमेरा सायकलच्या डाव्या बाजूला लावला.

एडिटिंगला तो शॉट जागेवर बसवला आणि एडिटरनं विचारलं, "ही परत का चाललीय?"

दोन सेकंदांचा शॉट. पाय तोच, चप्पल तीच, सायकलही तीच. पण चाक उलट्या दिशेनं फिरत होतं, आणि बघणाऱ्याला वाटत होतं की मुलगी वळून जीपकडेच निघाली. आरशात बघावा तसा शॉट उलटवून पाहिला. दिशा जमली, पण मागच्या भिंतीवर रंगवलेली दुकानाची अक्षरंही उलटी झाली. शेवटी शॉट टाकून द्यावा लागला. चूक माझी होती, कागदावरची होती, आणि कागदावर ती दुरुस्त करायला एक मिनिट लागलं असतं.

पाठलागाच्या प्रसंगात प्रेक्षकाला नेमकं काय माहीत असतं, याचा विचार तेव्हापासून मी फार करतो. आपण गावात उभे असतो तेव्हा नदी कुठे, देऊळ कुठे, स्टँड कुठे हे आपल्या अंगात असतं. मान वळवली तरी गाव जागचं हलत नाही. पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे हे काहीच नसतं. त्याला पूर्व-पश्चिम नाही. त्याच्याकडे एक चौकोन आहे, त्या चौकोनाला एक डावी कड आहे आणि एक उजवी. मुलगी उजव्या कडेकडे पळतेय एवढंच त्याला दिसतं, आणि त्या एका गोष्टीवरून तो मनात सगळं गाव बांधतो: उजवीकडे सुटका आहे, डावीकडे संकट आहे. पुढच्या शॉटमध्ये ती डावीकडे पळताना दिसली, तर त्याचं गाव मोडतं. तो अर्धा सेकंद विचारात पडतो. पाठलागात शॉट दीड-दोन सेकंदांचे असतात, त्यामुळे अर्धा सेकंद गेला की तो मागे पडला. मग त्याला भीती वाटत नाही, नुसती धावपळ दिसते.

यावरचा उपाय सिनेमावाल्यांना फार लवकर सापडला. सेसिल हेपवर्थच्या कंपनीनं 1905 मध्ये इंग्लंडमध्ये 'रेस्क्यूड बाय रोव्हर' नावाची काही मिनिटांची फिल्म काढली. बाळ पळवलं गेलंय आणि घरचा कुत्रा त्याला शोधायला निघतो, एवढीच गोष्ट. रस्ता, कोपरा, नदी, गरीब वस्तीतल्या घरांची रांग, या जागा एकामागून एक येतात. कुत्रा शोधायला जाताना कॅमेऱ्याच्या दिशेनं धावतो. मालकाला सांगायला परततो तेव्हा त्याच जागा उलट्या क्रमानं येतात आणि तो कॅमेऱ्यापासून दूर जातो. एक अक्षर न लिहिता प्रेक्षकाला कळतं की हे जाणं आहे आणि हे येणं. ही फिल्म इतकी खपली की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजली आणि ती पुन्हा चित्रित करावी लागली.

सेटवर या शिस्तीला कुणी लांबलचक नाव देत नाही. 'लाइन क्रॉस होतेय' एवढं म्हणतात. पळणारा ज्या वाटेनं पळतोय त्या वाटेवर एक रेघ आहे असं समजायचं. रेघेच्या एका बाजूला कॅमेरा ठेवलात तर तो उजवीकडे पळताना दिसतो, दुसऱ्या बाजूला नेलात तर डावीकडे. माणूस तोच, वाटही तीच, फक्त आपण रस्ता ओलांडला. म्हणून कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला राहू द्यायचा. पुढे न्या, मागे न्या, झाडावर चढवा, चाकाशी टेकवा, पण रेघ ओलांडू नका.

नियम दोन वाक्यांत संपतो. पण वाट सरळ असते तोवरच तो इतका सोपा असतो, आणि सरळ वाटेचा पाठलाग कुणाला पाहायचाय? वाट वळते तिथे काय करायचं, हेच खरं स्टोरीबोर्डचं काम. एक प्रसंग पूर्ण मांडून दाखवतो.

कृष्णाकाठच्या एखाद्या जुन्या गावाची कल्पना करा. जुन्या वाड्यांची एक बोळ सरळ पूर्वेला नदीकडे जाते. बोळ संपते तिथे पिंपळाचा पार आहे. तिथून डावीकडे, म्हणजे उत्तरेला, नदीकाठानं घाटाचा रस्ता जातो. रस्त्याच्या पूर्वेला पायऱ्या आणि पाणी, पश्चिमेला वाड्यांच्या भिंती. थोडं पुढे गेलं की उजव्या हाताला एक अरुंद पूल नदी ओलांडून पुन्हा पूर्वेला जातो. सायकल पुलावरून जाऊ शकते, जीप जाऊ शकत नाही. मुलगी बोळीतून निघते, घाटरस्त्याला वळते, पुलावर चढते आणि सुटते. दोन वळणं, तीन वाटा. साधारण सत्तर सेकंदांचा प्रसंग, अडतीस चौकटी.

पहिली चौकट काढायच्या आधी मी नकाशा काढतो, वरून दिसेल तसा. घारीनं पाहावं तसं गाव. बोळ, पार, घाट, पूल. त्यावर मुलीची वाट लाल पेन्सिलनं, जीपची निळ्यानं. मग कॅमेरा जिथे जिथे लागणार तिथे तिथे एक छोटा 'व्ही', ज्याचं उघडं तोंड कॅमेरा जिकडे बघतोय तिकडे. हा कागद दिसायला अगदी किरकोळ असतो, निर्मात्याला दाखवण्यासारखा नसतोच. पण दिशेची नव्वद टक्के भांडणं याच कागदावर मिटतात. ज्या चौकटी मी नकाशा न काढता थेट रंगवायला घेतल्या, त्यातल्या बऱ्याच पुन्हा काढाव्या लागल्या.

बोळीपासून सुरू करू. मुलगी पूर्वेला पळतेय. मी सगळे 'व्ही' बोळीच्या दक्षिण कडेला ठेवले. दक्षिणेकडून उत्तरेला बघितलं की पूर्व उजवीकडे येते, म्हणजे मुलगी डावीकडून उजवीकडे जाणार. ती चौकटीच्या उजव्या कडेनं बाहेर गेली की पुढच्या चौकटीत डाव्या कडेनं आत येते. सेटवर याला 'इन-आउट' म्हणतात. उजवीकडून बाहेर गेलेली मुलगी पुढच्या शॉटमध्ये उजवीकडूनच आत आली, तर ती माघारी फिरली असा अर्थ होतो.

जीपही डावीकडून उजवीकडेच जाणार. हे ऐकायला उघड वाटतं, पण नवशिके इथेच हमखास अडखळतात. त्यांना वाटतं की पळणारा आणि पाठलाग करणारा एकमेकांचे विरोधक आहेत, तर चित्रातही समोरासमोर हवेत. एका चौकटीत मुलगी उजवीकडे, पुढच्या चौकटीत जीप डावीकडे. कागदावर ते जोरदार दिसतं. पण पडद्यावर त्याचा एकच अर्थ निघतो: दोघं एकमेकांच्या दिशेनं येताहेत, आता धडकणार. टक्कर दाखवायची असेल तेव्हा ही मांडणी करावी. हिचकॉकनं 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन'च्या (1951) सुरुवातीला हेच केलंय. आपल्याला फक्त दोन माणसांचे बूट दिसतात, एक जोडी एका दिशेनं जाते, दुसरी उलट दिशेनं, आणि चेहरे दिसायच्या आधीच आपल्याला कळतं की हे दोघं भेटणार. पाठलागात भेट टळायला हवी असते. म्हणून दोघांचा बाण एकाच दिशेचा.

बाण सरळ राहिला की नजरही ठरते. मुलगी मागे वळून बघते तेव्हा ती पडद्याच्या डावीकडे बघते. जीपमधला माणूस तिच्याकडे बघतो तो उजवीकडे. क्लोजअपमध्ये ना रस्ता दिसतो ना जीप, फक्त चेहरा असतो, आणि तरीही नजरेवरून प्रेक्षकाला कळतं की कोण कुठे आहे. त्यामुळे क्लोजअपच्या चौकटीतसुद्धा मी डोळ्यांतून एक बारीक बाण काढतो.

बोर्डवरच्या बाणांचीही एक भाषा आहे. माणूस किंवा गाडी हलते तेव्हा मी आतून पोकळ, जाड बाण काढतो. कॅमेरा हलतो तेव्हा तोच बाण चौकटीच्या बाहेर, कडेला. दोन्ही एकाच चौकटीत आले तरी गोंधळ होत नाही. पोकळ बाणाला मी खोली देतो, म्हणजे मुलगी आपल्याकडे येत असेल तर बाणाचं टोक मोठं आणि शेपूट बारीक, दूर जात असेल तर उलट. चाकाच्या क्लोजअपला गोल बाण. उजवीकडे जाणारं चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं, डावीकडे जाणारं उलट. आणि पॅडलच्या चौकटीत आता चेन काढतो, पहिल्यांदा चेन, मग पाय.

जीपमध्ये आणखी एक गंमत आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे. जीप डावीकडून उजवीकडे जाताना कॅमेरा तिची उजवी बाजू बघतो, म्हणजे ड्रायव्हर आपल्या जवळ आणि शेजारचा माणूस त्याच्या पलीकडे. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, तिथे नेमकं उलट. अमेरिकन सिनेमातला पाठलाग समोर ठेवून बोर्ड काढणाऱ्यांचे ड्रायव्हर म्हणूनच चुकीच्या सीटवर बसतात. बोळीत चालू असलेल्या माझ्या चौकटींत ड्रायव्हरचे हात, गियर, घाम, हे सगळं जवळून मिळतं. शेजारचा माणूस जीपबाहेर झुकून ओरडतोय हे मात्र इथे मिळत नाही, तो पलीकडच्या बाजूला आहे. ती चौकट मी राखून ठेवली.

आता पार. इथे मुलगी डावीकडे वळते. वळल्यावर ती उत्तरेला जाणार. घाटरस्त्यावर कॅमेरा पूर्वेला, म्हणजे पायऱ्यांवर ठेवून पश्चिमेकडे बघितलं, तर उत्तर उजवीकडे येते आणि मुलगी पहिल्यासारखीच उजवीकडे पळताना दिसते. दिशा टिकते, पण मागे दिसतात भिंती. दिग्दर्शकाला हवं होतं पाणी. सकाळचं चमकणारं पात्र आणि त्यावर सायकलची काळी आकृती. पाणी मागे हवं तर कॅमेरा पश्चिमेला, भिंतीला पाठ लावून, आणि मग उत्तर डावीकडे येते. मुलगी उजवीकडून डावीकडे पळणार. बाण उलटणार.

बाण उलटायला हरकत नाही. प्रेक्षकाच्या पाठीमागे उलटला तर हरकत आहे. त्याच्या डोळ्यांसमोर उलटायला हवा. म्हणून या वळणाला मी एक चौकट पूर्ण दिली. कॅमेरा पाराच्या दक्षिणेला, घाटरस्त्याच्या सुरुवातीला, उत्तरेकडे तोंड करून. मुलगी डाव्या कडेनं आत येते, म्हणजे बोळीतली दिशा अजून तीच आहे. ती पाराला वळसा घालते, सायकल आतल्या बाजूला झुकते, आणि मग ती आपल्याकडे पाठ करून सरळ दूर जाते. पुढचा सगळा रस्ता या एकाच चौकटीत दिसतो: डावीकडे वाडे, उजवीकडे पाणी. पाठ करून दूर जाणाऱ्या माणसाला डावं-उजवं नसतं. तसंच सरळ लेन्सकडे येणाऱ्यालाही नसतं. अशा शॉटला न्यूट्रल म्हणतात. त्यानंतर कॅमेरा वाटेच्या कुठल्याही बाजूला गेला तरी चालतो, कारण प्रेक्षकानं वळण स्वतः पाहिलेलं असतं. पुढच्या चौकटीत मुलगी पाण्यासमोरून डावीकडे जाते आणि कुणाच्याही मनात प्रश्न येत नाही.

मुलगी वळली, पण जीप अजून बोळीतच आहे.

माझ्या मते पूर्ण प्रसंगातली सगळ्यात अवघड जागा हीच आहे, आणि नेमकी तीच निसटते. नकाशावर सगळं बरोबर असतं. जीप बोळीत पूर्वेला जातेय, तिचा बाण डावीकडून उजवीकडे आहे, तो चूक नाही. मुलगी घाटावर उत्तरेला जातेय, तिचा बाण उजवीकडून डावीकडे, तोही चूक नाही. पण हे दोन शॉट एकमेकांना जोडले की टक्कर तयार होते. डावीकडे जाणारी मुलगी, उजवीकडे जाणारी जीप. दोन्ही शॉट स्वतःपुरते खरे आणि एकत्र खोटे. कॅमेरामन म्हणतो, मी लाइन क्रॉस केली नाही. तो खरंच बोलत असतो. चूक दोन शॉटच्या मधल्या सांध्यात आहे, आणि सांधा सेटवर कुणालाच दिसत नाही, कारण बोळ एका दिवशी चित्रित होते आणि घाट दुसऱ्या दिवशी. तो दिसतो फक्त बोर्डवर, जिथे दोन चौकटी शेजारी शेजारी चिकटवलेल्या असतात.

माझा इलाज असा. मुलगी वळल्यापासून जीप वळेपर्यंत जीपचा एकही शॉट बाजूनं घ्यायचा नाही. बोळीच्या तोंडाशी कॅमेरा, पश्चिमेकडे बघणारा, आणि जीप सरळ अंगावर येते. दोन्ही बाजूंच्या ओट्यांत जेमतेम मावणारी, हेडलाइट, बंपर, धूळ. न्यूट्रल, शिवाय भीतीदायकही. मग मुलीची एक चौकट, पाण्यासमोर, डावीकडे. मग पाराजवळची जी चौकट मुलीला दिली होती तीच जीपला, अगदी तसाच कॅमेरा, तीच उंची. जीप डावीकडून आत येते, पाराच्या कट्ट्याला घासत वळते, पाठ करून दूर जाते. लांबवर, त्याच चौकटीत, सायकलचा ठिपका. प्रेक्षकानं पार आधी पाहिलेला आहे, त्यामुळे त्याला लगेच कळतं: जिथे ती वळली तिथेच हे वळले, आणि आता एवढंच अंतर आहे. यानंतर दोघांचेही बाण उजवीकडून डावीकडे. सगळं पुन्हा एका रेषेत.

या चौकटीसाठी पिंपळ आहे हे नशीब. नसता तर काहीतरी ठेवावं लागलं असतं: हातगाडी, रंगवलेली टाकी, लाल दिवा. वळणावर डोळ्यात राहील अशी एखादी वस्तू हवीच. दोन्ही वेळा तीच वस्तू, तशीच.

घाटरस्त्यावर आता राखून ठेवलेली ती चौकट वापरली. जीप डावीकडे जातेय, कॅमेरा तिच्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे ड्रायव्हर पलीकडे गेला आणि शेजारचा माणूस आपल्या जवळ आला. तो बाहेर झुकतो, हात लांब करतो, ओरडतो. सायकलचीही बाजू बदलली, आता डावी बाजू आपल्याकडे. पॅडलचा क्लोजअप इथे असेल तर त्यात चेन दिसता कामा नये. म्हणून पॅडलच्या दोन चौकटी काढल्या, एक बोळीतली चेनसह, एक घाटावरची चेनविना, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'बोळ' आणि 'घाट'. दुसरी टीम हे शॉट कधीही, कुठेही घेऊ शकते. त्यांच्या हातात पूर्ण प्रसंग नसतो, एवढी एक चौकटच असते.

दुसरं वळण पुलाचं. इथे मी स्वतः फसलो होतो, पण कागदावरच सापडलो. मला पुलावरून मागे, पश्चिमेकडे बघणारी एक चौकट फार आवडली होती. समोर वाड्यांची रांग, मध्ये पुलाचं तोंड, आणि मुलगी रस्त्यावरून येऊन वळून थेट आपल्याकडे. रंगवून पूर्ण केली, भिंतीवर चिकटवली, आणि शेजारच्या चौकटीशी जुळेना. पश्चिमेकडे बघताना दक्षिण डावीकडे येते. म्हणजे घाटरस्त्यावरून येणारी मुलगी या चौकटीत डाव्या कडेनं आत येऊन उजवीकडे जाते. आधीच्या चौकटीत ती डावीकडे जात होती. कॅमेरा नदीच्या बाजूला गेला आणि रेघ ओलांडली गेली. चौकट सुंदर, पण चुकीच्या क्षणी सुरू झालेली.

ती फेकून दिली नाही. तिच्या आधी दुसरी घातली: कॅमेरा रस्त्याच्या पश्चिमेला, पुलाच्या तोंडासमोर, पूर्वेकडे बघणारा. मुलगी उजव्या कडेनं आत येते, घाटावर होती त्याच दिशेनं, आणि वळून आपल्याकडे पाठ करून पुलावर जाते. पुन्हा न्यूट्रल. त्यानंतर माझी आवडती चौकट, पण उशिरा सुरू होणारी: मुलगी आधीच पुलावर आहे आणि सरळ आपल्याकडे येतेय. तिच्या मागे जीप पुलाच्या तोंडाशी येऊन थांबते. जीप कुठल्या कडेनं आली हे दिसू नये म्हणून मी दोन्ही बाजूंना पुलाचे कठडे उंच काढले आणि चौकट अरुंद केली. तीन-चार वेळा खोडून काढली तेव्हा कुठे ती बसली.

पुलावर कॅमेरा पुन्हा दक्षिणेला. मुलगी पूर्वेला जातेय, म्हणून डावीकडून उजवीकडे. प्रसंग जिथून सुरू झाला त्याच दिशेला परत आला. हे मी मुद्दाम केलं. पहिल्या चौकटीपासून प्रेक्षकाच्या मनात उजवीकडे सुटका आहे, आणि ती उजवीकडेच मिळायला हवी.

अशा सगळ्या चौकटी काढून झाल्या की त्या भिंतीवर ओळीनं लावतो आणि मजकुराच्या ओळींवर कागदी पट्टी चिकटवतो. फक्त चित्रं आणि बाण राहतात. मग लांबून, डोळे अर्धवट मिटून, फक्त बाण वाचत जातो. जिथे बाण उलटतो तिथे त्याच्या आधी न्यूट्रल चौकट किंवा डोळ्यांदेखत घडणारं वळण आहे का, एवढंच बघतो. नसेल तर ती जागा लाल करतो. त्यानंतर चौकटींचे फोटो काढून, प्रत्येक जितकी पडद्यावर राहणार तितका वेळ ठेवून, एक कच्ची फिल्म करतो, तिला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. ती अशा कुणाला तरी दाखवतो ज्यानं गोष्ट ऐकलेली नाही, बहुतेक वेळा घरातल्याच कुणाला. आवाज बंद. संपल्यावर एक कोरा कागद देतो आणि विचारतो: नदी कुठे, पूल कुठे, जीप कुठे थांबली, काढून दाखव. या वेळी कागदावर नदी बरोबर आली, पूल बरोबर आला, पण पार आणि पूल यांच्यातलं अंतर फारच कमी आलं. घाटरस्त्याच्या चौकटी कमी पडत होत्या. दोन वाढवल्या.

हा नियम मोडूच नये असं मात्र मी म्हणणार नाही. जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये (1939) कोरड्या तळ्याच्या सपाटीवरचा घोड्यांचा पाठलाग आहे, आणि त्यात कॅमेरा रेघेच्या पलीकडे गेलेला आहे. तरी कुणी गोंधळत नाही. मला त्याचं कारण असं दिसतं की तिथे वळणच नाही, सपाट मोकळी जमीन आहे, आणि पळणारी घोडागाडी व पाठलाग करणारे स्वार एकमेकांसारखे दिसतच नाहीत. कोण कुणाच्या मागे आहे याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 'शोले'तला (1975) पनवेलजवळ चित्रित झालेला मालगाडीचा प्रसंग आठवा. आगगाडी म्हणजे स्वतःच एक लांबच लांब बाण, इंजिन कुठल्या टोकाला आहे हे दिसलं की दिशा कळली. बोळी, कोपरे, एकमेकांसारखी दिसणारी घरं असलेल्या गावात ही सवलत मिळत नाही.

जॉर्ज मिलरनं 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) पटकथेऐवजी चित्रांतूनच बांधला, सुमारे साडेतीन हजार चौकटी. तो जवळजवळ पूर्ण सिनेमा एकच पाठलाग आहे, वाळवंटातून जायचं आणि मग त्याच वाटेनं माघारी यायचं. शॉट अतिशय छोटे. तिथे त्यानं आणखी एक गोष्ट केली: महत्त्वाचं जे काही आहे ते चौकटीच्या मध्यावर ठेवलं. शॉट बदलला तरी प्रेक्षकाचा डोळा शोधायला कडेला जात नाही. मार्गारेट सिक्सेल यांना त्याच्या एडिटिंगसाठी ऑस्कर मिळालं. मी त्यातून एवढं घेतलं की घाटरस्त्यावरच्या सगळ्यात वेगवान सहा चौकटींत मुलीचं डोकं आणि जीपचं बॉनेट एकाच जागी, मध्याच्या जरा वर, आणून ठेवलं. ट्रेसिंग पेपरवर एक फुली काढली आणि सहाही चौकटींवर ती फिरवून बघितली.

आता शेवटच्या तीन चौकटी. मुलगी पुलाच्या मध्यावर थांबते, एक पाय कठड्याला टेकवते आणि मागे बघते. तिची नजर डावीकडे. पुढच्या चौकटीत जीपचे दोघं काठावर उतरलेले, हात कमरेवर, नजर उजवीकडे. मध्ये नदी आहे, दोन्ही चौकटींत ती दिसत नाही, फक्त नजरा एकमेकांना मिळतात. तिसऱ्या चौकटीत कॅमेरा लांब जातो, पूल आडवा, काठ डाव्या कडेला, ती मध्यावर. ती पॅडलवर पाय ठेवते आणि उजव्या कडेकडे निघते. आपल्याला तिच्या सायकलची चेन दिसते.